ठोका पायात, बोल टाळीत : पहिली-दुसरीला तालाचा पाठ कसा द्यावा

पहिली-दुसरीचा वर्ग हातात आला, टाचणवहीत ‘कला : ताल आणि लय’ असं लिहून झालं, पण तासिकेला उभं राहिल्यावर नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. अशा नव्या शिक्षकांसाठी आणि सराव पाठ देणाऱ्या डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. नाशिक शहरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत मी हा पाठ वर्षानुवर्षं घेत आले आहे. पेटी, तबला, स्पीकर यांतलं काहीही लागत नाही आणि तुमचा गळा गोड असण्याचीही गरज नाही. लागते ती क्रम न मोडण्याची शिस्त. बहुतेक ठिकाणी पाठ फसतो तो खुळखुळे पहिल्याच मिनिटाला वाटल्यामुळे.

## १. आधी तुम्ही स्वतः ठोका आणि बोल वेगळे करा

मिरवणुकीत चालणारा माणूस आठवा. ताशा तडतडत असतो, त्याचे आवाज कधी दाट तर कधी विरळ येतात. चालणाऱ्याचे पाय मात्र एकसारखे पडत असतात. ते ज्यावर पडतात तो ठोका, आणि ठोक्यांच्या मधल्या जागेत भरलेले ताशाचे आवाज म्हणजे बोल. ठोका सारख्या अंतरानं येतो आणि आवाज थांबला तरी मनात चालू राहतो. बोल बदलत राहतात. गणपतीत आणि रंगपंचमीला नाशिकच्या मुलांनी हे ऐकलेलं असतं. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यावरच्या मुलांनी सांबळावर ऐकलेलं असतं. त्यांच्या कानात दोन्ही गोष्टी आहेत, फक्त वेगळ्या झालेल्या नाहीत. पहिल्या पाठाचं उद्दिष्ट एवढंच ठेवा : मुलाने पायांनी ठोका धरावा आणि त्याच वेळी तोंडाने बोल म्हणावेत.

लय, मात्रा, ताल, ठेका, सम, काल हे सगळे शब्द त्या दिवशी फळ्यावर नकोत. ‘ठोका’ आणि ‘बोल’ हे दोनच पुरतात.

## २. जमवाजमव

पहिल्या पाठाला एवढंच हवं :

- सेकंद-काटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ
- फळा आणि दोन रंगांचे खडू
- बसायला सतरंजी आणि गोल करता येईल एवढी मोकळी जागा
- टाचणवही आणि वर्णनात्मक नोंदींची वही

वाद्यांचं सामान दुसऱ्या आठवड्यासाठी आत्तापासून गोळा करायला सांगा :

- पाव लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, झाकणासकट
- चिंचोके, मूग, तांदूळ
- नारळाच्या करवंट्या
- द्राक्षांच्या पेटीचा नालीदार पुठ्ठा
- दूध पावडरचे किंवा तत्सम पत्र्याचे डबे, मोठे फुगे, जाड रबरबँड
- चिकटपट्टी, फेविकॉल, खरखरीत पॉलिशपेपर

जागेबद्दल एक सूचना. हा पाठ मैदानावर लांब रांग करून घेऊ नका. आवाजाला चौतीस-पस्तीस मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात शेवटच्या मुलाची टाळी पहिल्यापेक्षा मागे पडते आणि दोष मुलांचा वाटतो. रिकाम्या, घुमणाऱ्या सभागृहातही हीच अडचण येते. वर्गखोलीत सतरंजी टाकून गोल करणं सगळ्यात बरं. शेजारच्या वर्गाला त्रास होत असेल तर तासिका मधल्या सुट्टीच्या लगेच आधी मागून घ्या.

## ३. लय घड्याळावर ठरवा

मुलं लहान आहेत म्हणून आपण सहज संथ सुरुवात करतो, आणि तिथेच पाठ अवघड होऊन बसतो. सहा-सात वर्षांच्या मुलाची स्वतःची लय मोठ्या माणसापेक्षा जलद असते. मोकळं सोडलं तर ते आपल्यापेक्षा भरभर टाळ्या वाजवतं, भरभर पावलं टाकतं. त्याला सेकंदाला एकच ठोका दिला तर मधला काळ त्याला रिकामा वाटतो. मग ते वाट बघत नाही. एक तर आधीच वाजवतं किंवा मध्ये जास्तीचं काहीतरी घुसवतं. ‘या मुलाला ताल नाही’ असा शेरा अशा वेळी घाईने मारला जातो.

म्हणून मिनिटाला १२० ठोके धरा. त्याची रीत सोपी आहे. घड्याळाच्या सेकंद-काट्याच्या एका टिकटिकीत दोन ठोके बसवायचे. आदल्या दिवशी घरी पाच मिनिटं काट्याकडे बघत मांडीवर वाजवा, मग डोळे मिटून वाजवा. ३२ ठोके मोजा. १६ सेकंद लागले तर लय बरोबर. १३ लागले तर तुम्ही धावताय. वर्गात नंतर हीच मोजणी पुन्हा कामाला येईल.

सुरुवातीची हाकही त्याच लयीत द्यावी लागते. ‘एक, दोन, तीन, चला’ हे चारही शब्द चार ठोक्यांवर म्हणा, म्हणजे पाचव्या ठोक्याला सगळे एकत्र सुरू होतात. बरेच जण ‘एक दोन तीन’ घाईघाईत म्हणून टाकतात आणि नंतर वेगळ्याच लयीत सुरू करतात. पहिले सात-आठ ठोके त्यामुळे विस्कळीत जातात. मुलांना हाकेतूनच लय कळत असते.

## ४. ठोका अंगात उतरवा : पाय, मांडी, मग टाळी

पाय (५ मिनिटं). मुलांना उभं करून जागच्या जागी चालायला लावा. तुम्ही डब्याच्या झाकणावर किंवा टेबलावर एकसारखा ठोका द्या. कुणाला काही समजावू नका, नुसतं चालू द्या. अर्ध्या मिनिटाने वाजवणं बंद करा आणि हाताने ‘चालत राहा’ अशी खूण करा. आवाज गेल्यावर काही पावलं अडखळतील, काही तशीच चालू राहतील. आठ ठोके शांततेत जाऊ द्या आणि पुन्हा वाजवायला लागा. हा खेळ चार-पाच वेळा खेळा. शांततेतही पाय जागेवर पडायला लागले की पुढे सरका.

मांडी (५ मिनिटं). खाली बसून दोन्ही तळहात एकदम दोन्ही मांड्यांवर. ‘एकदम’ महत्त्वाचं आहे. उजवा-डावा आलटून पालटून वाजवणं मुलांना जड जातं. पहिलीत तर एक हात दुसऱ्याच्या मागे धावत सुटतो. मांडीवरचा आवाज मऊ असल्यामुळे मुलाला शेजाऱ्याचा आणि तुमचाही आवाज ऐकू येतो. टाळीत तसं होत नाही, प्रत्येकाला आपलीच टाळी ऐकू येते.

टाळी (३ मिनिटं). आता टाळी आणा, पण पूर्ण हात फाकून नाही. एका हाताचा तळवा वर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्यावर वाजवायचं. पूर्ण टाळीत हात लांब जातात, परत यायला वेळ लागतो, जोर चढतो, आणि जोराबरोबर लयही चढते.

शालेय संगीतशिक्षणात कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) या जर्मन संगीतकाराच्या पद्धतीत अंगाचे चार आवाज वापरतात : पाय आपटणं, मांडीवर थाप, टाळी आणि चुटकी. त्यातली चुटकी या वयाला सोडून द्या. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांची चुटकी वाजत नाही, आणि मग सगळं लक्ष बोटांवर जातं. तिच्या जागी तळहातावर तळहात घासून ‘सर्र’ असा आवाज काढायला लावा.

इथे एक सापळा आहे. मुलं ऐकून नाही, तर तुमचा हात बघून वाजवतात. वर्ग एकसुरात वाजवतोय असं दिसतं, पण प्रत्येक जण अर्धा क्षण मागे असतो. तुमचे हात ओढणीखाली किंवा टेबलामागे नेऊन वाजवा, नाहीतर मुलांना डोळे मिटायला सांगा. आवाज लगेच फुटला तर समजा की ते बघून करत होते. रागावण्यासारखं त्यात काही नाही. पुढची दोन मिनिटं डोळे मिटूनच घ्या.

## ५. शब्दांचे बोल

आता तोंड उघडू द्या. नाशिकच्या बाजारातले शब्द घेऊन मी चार ओळी बांधल्या आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घ्या. प्रत्येक ओळीला चार चौकटी आणि प्रत्येक चौकटीला एक ठोका :

| १ | २ | ३ | ४ |
|---|---|---|---|
| पेरू | पेरू | बोर | बोर |
| कांदा | मूग | कांदा | मूग |
| ऊस | ऊस | द्राक्षं | ऊस |
| बोर | बोर | पेरू | ○ |

‘बोर’ एका ठोक्यात एकदाच वाजतो, त्याला आपण ‘ता’ म्हणू. ‘पेरू’ एका ठोक्यात दोनदा वाजतो, तो ‘तक’. मग पहिली ओळ होते ‘तक तक ता ता’, दुसरी ‘तक ता तक ता’, तिसरी ‘ता ता तक ता’ आणि चौथी ‘ता ता तक’ आणि पुढे गोल. फळ्यावर ‘ता’साठी एक उभी रेघ आणि ‘तक’साठी दोन रेघा काढा. वाचता न येणाराही त्या वाचतो.

आधी शब्द नुसते म्हणवून घ्या, मग शब्दांवर टाळी. याच टप्प्यावर पहिलीची मुलं ‘मूग’ला दोन टाळ्या वाजवतात. कारण सरळ आहे. त्यांनी नुकतीच अक्षरं शिकली आहेत आणि ‘मू’ आणि ‘ग’ अशी दोन अक्षरं त्यांना दिसतात. बोलताना मात्र शेवटचा ‘ग’ सुटा होत नाही, तो ‘मू’लाच चिकटून येतो. ‘ऊस’, ‘बोर’ यांचंही तसंच. ‘कांदा’मध्येही अक्षरं दोनच, पण तिथे टाळ्याही दोन. अक्षरं मोजून हा घोळ सुटत नाही. मुलाला हनुवटीखाली तळहात धरायला सांगा आणि शब्द म्हणू द्या. ‘मूग’ म्हणताना हनुवटी एकदा खाली येते, ‘कांदा’ म्हणताना दोनदा. हाताला कळलं की वाद मिटतो. या टप्प्यावर शब्द फळ्यावर लिहूच नका. लिहायचेच तर पाठाच्या शेवटी लिहा. सुरुवातीला चौकटीत पेरूचं, बोराचं, उसाचं चित्र पुरे.

तीन तुकड्यांचे शब्द, म्हणजे ‘टोमॅटो’, ‘कोथिंबीर’, आज टाळा. ते एका ठोक्यात कोंबायला गेलं की मुलं ठोकाच लांबवतात. मुलांची नावं घेऊन खेळायचं असेल तरी आधी ‘ओम’, ‘सई’, ‘आर्या’ अशी छोटी नावं घ्या. ‘अनुष्का’ला सांगा की तिचा नंबर पुढच्या महिन्यात आहे, आणि तो लक्षात ठेवून द्या. मुलं विसरत नाहीत.

### शेवटची रिकामी चौकट

चौथ्या ओळीच्या शेवटी गोल आहे. तिथे बोल नाही, पण ठोका आहे. तो गोल सगळ्यात जास्त शिकवतो आणि सगळ्यात आधी मोडतो. मुलांना गप्प राहता येत नाही, ती गोल गिळून थेट पहिल्या ओळीवर उडी मारतात. नुसतं ‘थांबा’ म्हणून भागत नाही, कारण थांबायचं किती हे त्यांना कळत नाही. म्हणून त्या ठोक्याला हाताचं काम द्या. तबल्याच्या तालात काल दाखवताना हात बाजूला नेतात, तीनतालात तो नवव्या मात्रेला येतो. तसाच गोलावर दोन्ही हात उलगडून बाजूला न्यायचे आणि ओठांनी हलकंसं ‘श्’ करायचं. आठवडाभराने ‘श्’ काढून टाका, हात राहू द्या. त्यानंतर हातही काढा.

## ६. वर्गाचे दोन भाग करा

इथवर मुलांनी ठोका वेगळा केला आहे आणि बोल वेगळे. आता दोन्ही एकत्र वाजले पाहिजेत. पाठाचा खरा वेळ इथे द्या, दहा मिनिटं तरी.

३० मुलांचा वर्ग धरा. खिडकीकडची १५ मुलं ‘ठोका’, दाराकडची १५ ‘बोल’. ठोक्याची मुलं मांडीवर एकसारखं वाजवतील आणि काहीही बोलणार नाहीत. बोलाची मुलं शब्द म्हणत त्यावर टाळी वाजवतील. चारही ओळी एकदा पूर्ण झाल्या की ठोके होतात १६ आणि टाळ्या होतात २१. हिशेब असा : पहिल्या दोन ओळींत सहा-सहा टाळ्या, तिसरीत पाच, चौथीत चार. १२० च्या लयीत हे सगळं ८ सेकंदांत संपतं. मुलांना हे आकडे सांगायचे नाहीत, ते तुमच्या कानासाठी आहेत. शेवटच्या गोलावर फक्त मांडीचा आवाज आला पाहिजे. तिथे टाळी ऐकू आली तर बोलाचा गट चुकला, आणि काहीच ऐकू आलं नाही तर ठोक्याचा.

आधी ठोक्याच्या गटाला एकटं सुरू करा. आठ ठोके स्थिर पडू द्या, मगच हाक देऊन बोलाच्या गटाला आत घ्या. दोन्ही गट एकदम सुरू केले की दोन-तीन ओळींत सगळा वर्ग बोलच वाजवायला लागतो. कारण शब्द ओढून घेतात. ठोक्याच्या गटातला एखादा मुलगा मांडीवर ‘तक’ वाजवताना दिसेल. त्याला ओरडून थांबवू नका. त्याच्यासमोर बसून त्याच्या गुडघ्यावर तुमचा हात एकसारखा ठेवत राहा, दोन ओळींत तो परत येतो. घोटाळा फारच झाला तर ठोक्याच्या गटाला उभं करून चालायला लावा. मांडीपेक्षा पायात ठोका जास्त टिकतो.

तीन-चार फेऱ्यांनंतर गट बदला. नंतर सगळ्यांना उभं करा : पायात ठोका आणि तोंडात बोल, टाळी नाही. हे जमलं की पाठाचं उद्दिष्ट गाठलं. पहिलीत पहिल्या दिवशी वर्गातल्या थोड्याच मुलांना जमेल, दुसरीत त्याहून जास्त मुलांना. बाकीच्यांना नुसतं चालू द्या, बोल म्हणायची सक्ती नको.

गावातल्या भजनी मंडळात ढोलकी वाजवणारे एखादे काका असतील तर त्यांना बोलवायला हरकत नाही. आपल्या दोन ओळी मिळून आठ ठोके होतात, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन बसतं. त्यांना आधीच सांगून ठेवा : साधा केरवा, एकाच लयीत, लग्गी नको आणि लय चढवायची नाही. ‘लय चढवू नका’ हे त्यांना दोनदा सांगावं लागतं, कारण भजनात हळूहळू लय चढवायची सवय हातात मुरलेली असते.

## ७. वाद्यं बनवा, वेगळ्या दिवशी

वाद्यं कार्यानुभवाच्या तासिकेत बनवा. बनवणं आणि वाजवणं एकाच दिवशी घेतलं की दोन्ही अर्धवट राहतात.

खुळखुळा. पाव लिटरची बाटली आतून पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर मूग चिकटतात आणि चार दिवसांत बुरशी येते. दाणे दोन चमचेच घाला. मुलं नेहमी बाटली अर्धी भरतात. दाण्यांना हलायला जागा उरत नाही आणि आवाज दबतो. दाणे कोणते घालता यावरही बरंच ठरतं. तांदळाचा आवाज ‘सस्स’ असा पसरतो, तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळत नाही. आठ-दहा चिंचोक्यांचा आवाज तुटक आणि स्पष्ट येतो. ठोक्यासाठी चिंचोके, घासण्याच्या ‘सर्र’साठी तांदूळ. झाकणाच्या आट्यांना फेविकॉल लावून घट्ट फिरवा आणि वरून चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. एवढं करायलाच हवं, कारण सुटलेला चिंचोका लहान मुलाच्या नाकात किंवा घशात जाऊ शकतो. दर आठवड्याला झाकणं तपासा.

करवंट्या. खानावळीत किंवा देवळाजवळ मागितल्या तर मिळतात. कडा पॉलिशपेपरवर गोल गोल घासून सपाट करा. हे काम मोठ्यांनी करायचं. सपाट कडा एकमेकींवर आपटल्या की ‘टॉक’ असा कोरडा, छोटा आवाज येतो. ठोक्यासाठी याहून चांगलं वाद्य वर्गात बनत नाही.

द्राक्षपेटीचा घासपुठ्ठा. जानेवारी ते एप्रिल हंगामात निफाड-दिंडोरीकडे आणि शहरातल्या फळवाल्यांकडे या पेट्या सहज मिळतात. वीतभर लांब तुकडा कापा, वरचा गुळगुळीत कागद पाण्याने किंचित ओला करून सोलून काढा. आतल्या नाल्या उघड्या पडतात. पुठ्ठा पूर्ण वाळू द्या आणि आइस्क्रीमच्या काडीने त्यावर घासा. ओला पुठ्ठा वाजत नाही, नुसता फाटतो.

फुग्याचा ढोल. पत्र्याच्या डब्याची उघडी कड धारदार नाही ना ते बोट न लावता, कापडाने बघा. गरज वाटली तर कडेवर चिकटपट्टी लावा. फुग्याचं तोंड कापून टाका, उरलेला भाग डब्यावर ताणा आणि रबरबँड दोनदा गुंडाळा. काडीने वाजवला तर फुगा फाटतो, बोटांनी वाजवा. ज्या मुलाला कमी ऐकू येतं त्याला हा डबा मांडीत घेऊन बसवा, आवाज त्याला हाताला आणि पोटाला जाणवतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, तेही घशात अडकतात.

सोडाबाटलीचे बिल्ले तारेत ओवून झांजेसारखं वाद्य करतात. ते मी या वर्गांना देत नाही. बिल्ल्याच्या कडा कापतात आणि आवाज थांबवता येत नाही.

## ८. वाद्यं वाटताना

३० मुलांत १४ जण नुसते अंगाने वाजवतील, ८ जणांना खुळखुळे, ६ जणांना करवंट्या, २ जणांना डबे. डबे दोनाहून जास्त नकोत, पत्र्याच्या छपराखाली तर एकच. सगळ्यांना सगळं मिळावं असं वाटणं साहजिक आहे, पण ३० खुळखुळे एकदम वाजले की ठोका कुणालाच ऐकू येत नाही. फेरीगणिक वाद्यं डावीकडच्या मुलाला द्यायची असं ठरवा, म्हणजे भांडणं होत नाहीत.

वाद्य हातात देण्याआधी ‘घरी’ची खूण शिकवा. तुम्ही हात डोक्यावर ठेवले की वाद्य सतरंजीवर आणि मुलांचेही हात डोक्यावर. ही खूण नीट बसेपर्यंत एकही वाद्य वाटू नका. ओरडून वर्ग शांत करायला गेलात तर तुमचाच आवाज त्या गोंगाटात हरवतो.

खुळखुळ्याची एक खोड नव्या शिक्षकाला लवकर सापडत नाही. बाटली हवेत हलवली की हात आधी पुढे जातो आणि दाणे नंतर भिंतीवर आपटतात, म्हणून आवाज किंचित उशिरा येतो. हात मागे घेताना तो पुन्हा येतो. मूल ठोक्याला एकदाच हात हलवतं, वर्गात मात्र दोन आवाज येतात आणि सगळ्यांची लय मोडते. उपाय असा : खुळखुळा हवेत हलवायचाच नाही. तो एका हातात आडवा धरून दुसऱ्या तळहातावर आपटायचा. मग आवाज एक आणि वेळेवर.

आता सहाव्या पायरीचाच खेळ वाद्यांवर घ्या. करवंट्या आणि डबे ठोक्याला, खुळखुळे बोलाला, बाकीची मुलं तोंडाने शब्द म्हणतील. घासपुठ्ठा फक्त गोलाच्या जागी एकदा घासायचा. एवढंसं काम असलं तरी ते मुलांना फार हवं असतं, आणि ज्याच्याकडे पुठ्ठा आहे ते मूल चारही ओळी मनात मोजत बसतं.

## ९. लय चढली तर

चढणारच. विशेषतः तिसऱ्या-चौथ्या फेरीत, वाद्यं हातात आल्यावर. आपण मुलांबरोबर वाहत जातो, म्हणून आपल्या कानाला ते कळत नाही. घड्याळाकडे बघून दोन फेऱ्या मोजा, म्हणजे ३२ ठोके. १६ सेकंदांऐवजी १२ लागले तर लय १२० वरून १६० वर गेली. तेव्हा ‘हळू, हळू’ म्हणू नका. ते ऐकून मुलं आवाज हळू करतात, लय तशीच राहते. त्याऐवजी वाद्यं ‘घरी’ ठेवा, दोन बोटांच्या टाळीवर या आणि कुजबुजत म्हणा. आवाज लहान झाला की लय आपोआप खाली येते. तिथून हाक देऊन पुन्हा सुरू करा.

आवाजाने कान झाकणारं एखादं मूल वर्गात असतं. त्याला दाराजवळ बसवून मांडीवर ठोका धरू द्या, वाद्य घेण्याचा आग्रह नको.

## १०. नोंद कशी ठेवावी

एका तासिकेत ३० जणांचं निरीक्षण होत नाही. दर वेळी पाच-सहा मुलं निवडा आणि त्यांचे हात नाही, पाय बघा. शांततेच्या आठ ठोक्यांत पाय काय करतात त्यावरून नोंद करा : ‘आवाज थांबल्यावरही ठोका धरून ठेवते’, ‘शेजाऱ्याला बघून धरते’, ‘आवाज असेपर्यंत धरते’, ‘अजून धरत नाही’. पाहणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनाही अशी नोंद वाचून मूल कुठे आहे ते कळतं. ‘तालाची आवड आहे’ या वाक्यातून ते कळत नाही.

शेवटच्या नोंदीतलं मूल महिन्याभराने पुन्हा बघा. तोवर त्याला ठोक्याच्या गटात, ठोका पक्का असलेल्या मुलाच्या शेजारी बसवा. गोलावर हात न उलगडताही अर्धा वर्ग गप्प राहू लागला की ‘टोमॅटो’ आणि ‘कोथिंबीर’ आणा. तेव्हा चार चौकटी पुसून फळ्यावर सहा काढा, तीन-तीनच्या दोन जोड्या, आणि दर चौकटीत शब्दाचा एकच तुकडा बसवा. पहिल्या चौकटीला पाय, दुसरी-तिसरीला टाळी. चौथीला पुन्हा पाय, पाचवी-सहावीला टाळी. दादऱ्याच्या सहा मात्रा तिथून सुरू होतात, आणि ‘अनुष्का’चा नंबरही.